पौर्णिमा पाहून विमानाचं तिकीट

शाकाहारी घरात परदेशी सहलीची चर्चा सुरू झाली की नकाशा उघडण्याआधी एक प्रश्न समोर येतो, 'तिथं खायचं काय?' याचं ठरलेलं उत्तर म्हणजे सोबत आचारी नेणारी सहल कंपनी. रोज संध्याकाळी वरण-भात, पोळी-भाजी मिळते, आजी-आजोबांची सोय होते, आणि यात काहीच वाईट नाही. दुसरं उत्तर म्हणजे मुक्कामाच्या शहरात भारतीय हॉटेलं किती आहेत ते मोजायचं आणि रोज तिथंच जेवायचं. त्यात अडचण अशी, की या हॉटेलांपैकी बऱ्याच ठिकाणी चिकन आणि पनीर एकाच स्वयंपाकघरात शिजतं. काटेकोर शाकाहारी माणूस तिथं निर्धास्त नसतो, तो फक्त ओळखीच्या नावाचा पदार्थ खात असतो.

मला तिसरा रस्ता जास्त पटतो. ज्या देशात स्थानिक लोक स्वतःच्या धर्मासाठी, स्वतःच्या स्वयंपाकघरात मांस-मासे वर्ज्य करून जेवतात, असा देश निवडावा आणि ज्या दिवसांत ते तसं जेवतात ते दिवस गाठावेत. या कसोटीवर आपल्याजवळ आणि खिशाला झेपणारा देश कोणता, तर व्हिएतनाम. हे नाव ऐकून अनेक जण दचकतात, कारण तिथल्या रस्त्यावरच्या बदकांचे आणि माशांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते फोटो खोटे नाहीत. पण त्याच रस्त्यावर थोडं पुढं पूर्ण शाकाहारी खाणावळ असते, आणि ती पर्यटकांसाठी उघडलेली नसते.

तिथल्या महायान बौद्ध परंपरेत भिक्षू कायम शाकाहारी असतात आणि कितीतरी सामान्य कुटुंबं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. या जेवणाला तिथं 'चाय' म्हणतात. लिहिताना ते chay असं लिहितात. मोबाइलच्या नकाशात quán chay एवढं टाइप केलं की आसपासच्या शाकाहारी खाणावळी दिसतात. हो ची मिन्ह सिटीत त्या भरपूर आहेत, ह्वे या जुन्या राजधानीत तर शाकाहारी पाककलेची वेगळी परंपराच आहे, आणि हनोईत त्या मानानं कमी असल्या तरी शोधाव्या लागत नाहीत. पाटीवर बहुधा कमळ असतं. आत बसल्यावर टेबलावरची बाटली पाहावी. नेहमीच्या हॉटेलात तिथं माशांच्या सॉसची बाटली असते, चाय खाणावळीत सोयासॉसची.

काउंटरवर काय असतं ते सांगतो. काचेमागे ताटं मांडलेली असतात. सोयासॉसमध्ये मुरवलेलं टोफू, कच्च्या फणसाची भाजी, केळफुलाची कोशिंबीर, कारल्यात भरलेलं टोफू आणि अळंबी, परतलेला पालेभाजीचा ढीग, बाजूला वाफाळतं पातळ सूप. आपण बोट दाखवायचं, ताटात भात आणि तीन-चार भाज्या पडतात. कोकणातल्या माणसाला फणसाची कुयरी आणि केळफूल परकं वाटायचं काही कारण नाही. चव सौम्य असते, त्यामुळे मुलं खातात. मोठ्यांनी मिरची वेगळी मागावी.

या खाणावळींचं खरं मोल पदार्थांपेक्षा स्वयंपाकघरात आहे. तिथं मांस येतच नाही. त्यामुळे 'तेल तेच का, कढई तीच का, पळी कुठली' हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. मिश्र हॉटेलात मेनूच्या शेवटच्या पानावर चाय लिहिलेलं असलं तरी हे सगळे प्रश्न परत उभे राहतात. सर्वात फसवा पदार्थ म्हणजे फो, तांदळाच्या शेवयांचं सूप. त्यातलं मांस काढून दिलं तरी ते शाकाहारी होत नाही, कारण रस्सा हाडं तासन्‌तास उकळून केलेला असतो. चाय खाणावळीतला फोचा रस्सा मुळा, मका, गाजर, अळंबी उकळून करतात. तो डोळ्यांना ओळखता येईलच असं नाही, म्हणून ओळख पदार्थाची नव्हे, जागेची ठेवावी. साध्या हॉटेलातल्या परतलेल्या पालेभाजीतही माशांचा किंवा कालवांचा सॉस, डुकराची चरबी किंवा हाडांच्या अर्काची मसाला-पूड असू शकते. वाढणाऱ्याच्या मते ती भाजीच असते, तो खोटं बोलत नसतो.

म्हणून मोबाइलमध्ये एक वाक्य लिहून ठेवावं आणि प्रत्येक ठिकाणी दाखवावं. मांस, मासे, कोळंबी, अंडी, माशांचा सॉस, हाडांचा रस्सा, डुकराची चरबी नको, असा त्याचा अर्थ आहे:

Chúng tôi ăn chay. Không thịt, không cá, không tôm, không trứng, không nước mắm, không nước hầm xương, không mỡ heo.

कांदा-लसूणही नको असेल तर शेवटी không hành tỏi जोडावं. बौद्ध मठांच्या परंपरेत कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत, त्यामुळे मठांशी जोडलेल्या खाणावळीत हे सांगितलं की लगेच समजतं. शहरातल्या नव्या चकचकीत शाकाहारी रेस्तराँमध्ये मात्र लसूण सर्रास असतो, आणि कांद्याऐवजी लीक नावाची कांद्याच्याच कुळातली पात तळून घालायची पद्धत आहे. चातुर्मास पाळणाऱ्यांनी तिथं विचारल्याशिवाय खाऊ नये. कंदमुळं न खाणाऱ्या जैन कुटुंबांना मी हा रस्ता सुचवणार नाही. मुळा, गाजर, अरवी हे चाय स्वयंपाकाचे खांब आहेत, ते काढून मागितले तर ताटात फारसं काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना निघण्याआधीच सांगावी. चाय खाणावळीत सोया, गव्हातलं ग्लुटेन आणि टोफूच्या सायीपासून कोळंबी, मासा, मांसाचे काप हुबेहूब बनवतात. कधी मासा अख्ख्या माशाच्या आकारात येतो. तो पूर्ण शाकाहारी असतो, पण ज्या आजींनी जन्मात असं काही ताटात पाहिलेलं नाही, त्यांचा घास अडकतो. हा त्रास पोटाचा नसून मनाचा आहे आणि तोही तितकाच खरा आहे. उपाय सोपा आहे. टोफू, अळंबी, फणस, भाज्या एवढंच बोटानं दाखवून घ्यावं.

आता दिवसांकडे. व्हिएतनामी चांद्र महिना अमावास्या ज्या दिवशी संपते त्या दिवशी सुरू होतो. म्हणजे त्यांचा पहिला दिवस आपल्या अमावास्येच्या आसपास आणि पंधरावा आपल्या पौर्णिमेच्या आसपास पडतो. एखाद्या दिवसाचा फरक येऊ शकतो, कारण त्यांची तिथी सूर्योदयावर ठरत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात पौर्णिमा पाहावी आणि मग व्हिएतनामी चांद्र कॅलेंडरशी ताडून घ्यावी. त्या दिवशी चाय खाणावळी तुडुंब भरतात, भाज्या ताज्या आणि जास्त प्रकारच्या असतात, आणि एरवी मांसाहारी असलेली दुकानंही बाहेर चायची पाटी लावतात. काटेकोर कुटुंबानं या एका दिवसाच्या पाट्यांना भुलू नये. कढई कालचीच असते. जायचं ते बारमाही चाय खाणावळीतच, आणि अकरा वाजता. तिथं दुपारचं जेवण आपल्यापेक्षा लवकर होतं. दीड वाजता गेलात तर ताटं रिकामी दिसतील.

वर्षभरात तीन पौर्णिमा मोठ्या मानतात. पहिल्या महिन्याची, चौथ्या महिन्याची म्हणजे बुद्धजन्माची, आणि सातव्या महिन्याची वू लान, जी आई-वडिलांच्या आणि पूर्वजांच्या स्मरणाची आहे. शाळेच्या सुट्टीत बसते ती चौथ्या महिन्याची. तिथं अधिक महिन्यामुळे एक गोम आहे. २०२६ मध्ये आपली बुद्धपौर्णिमा १ मे रोजी आणि त्यांची ३१ मे रोजी, कारण त्यांचा अधिक महिना आधीच्या वर्षीच येऊन गेला आणि आपला अधिक ज्येष्ठ वैशाखानंतर येतो. २०२७ मध्ये मात्र दोन्ही गुरुवारी, २० मे रोजीच येतात. मेची सुट्टी, वैशाख पौर्णिमा आणि व्हिएतनाममधला बुद्धजन्माचा आठवडा एकत्र, हा योग घेण्यासारखा आहे.

समजा, घरात सहा जण आहेत. आजी-आजोबा कांदा-लसूण सोडलेले, आई-वडील शुद्ध शाकाहारी पण कांदा-लसूण खाणारे, आणि दोन शाळकरी मुलं. मे २०२७ साठी मी त्यांचा कार्यक्रम असा आखेन. शनिवारी रात्री मुंबईहून निघून रविवारी, १६ तारखेला सकाळी हो ची मिन्ह सिटी. त्या दिवशी फिरणं नाही. हॉटेल निवडताना जलतरण तलावापेक्षा दोन गोष्टी पाहायच्या. पायी पाच मिनिटांत चाय खाणावळ आहे का, आणि हॉटेल मासळीबाजाराच्या गल्लीत तर नाही ना. दुसरी गोष्ट कोणी पाहत नाही. पण रोज सकाळी दारातून बाहेर पडताच तो वास आणि टोपल्यांतले जिवंत बेडूक समोर आले तर आजोबांचा चौथ्या दिवसापर्यंत धीर सुटतो.

सोमवारी तय निन्ह. हे शहर हो ची मिन्ह सिटीपासून साधारण १०० किलोमीटरवर आहे आणि काओ दाई या पंथाचं मुख्य पीठ आहे. हा पंथ १९२६ साली स्थापन झाला. त्यात बुद्ध, कन्फ्यूशियस, येशू सगळ्यांना स्थान आहे, आणि अनुयायी दर चांद्र महिन्यात सहा किंवा दहा दिवस शाकाहार पाळतात. त्यामुळे या गावात शाकाहारी जेवण हा रोजचा व्यवहार आहे. बहुतेक सहल कंपन्या सकाळी कू चीची भुयारं दाखवून बारा वाजताच्या प्रार्थनेला इथं आणतात आणि मग दोन वाजता वाटेतल्या कुठल्याशा हॉटेलात जेवायला थांबवतात. तिथंच गाडं अडतं. स्वतःची गाडी करावी आणि क्रम उलटा करावा. सातला निघून दहाच्या आत पोचावं, मंदिराचा परिसर पाहावा, अकराला चाय खाणावळीत पोटभर जेवावं आणि बारा वाजता सज्जातून प्रार्थना पाहावी. पांढऱ्या वेशातल्या भक्तांच्या रांगा आणि मंदिराच्या आतले रंगीत, ड्रॅगननी वेढलेले खांब मुलांच्या लक्षात राहतात. मग परतीच्या वाटेवर कू ची.

मंगळवारी विमानानं दा नांग आणि तिथून ३० किलोमीटरवर होई आन. बुधवार, १९ तारीख, म्हणजे त्यांचा चांद्र महिन्याचा चौदावा दिवस. दर महिन्याच्या चौदाव्या रात्री होई आनच्या जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात आणि लोक नदीत दिवे सोडतात. तेव्हा गर्दी फार होते, म्हणून रात्रीचं जेवण सहाच्या आत आटपावं. पर्यटकांच्या गावात खाणावळी उशिरापर्यंत चालू असतात खऱ्या, पण त्या बहुतेक मिश्र. चाय खाणावळी लवकर आवरतात.

गुरुवारी पौर्णिमेच्या दिवशी सकाळी लवकर निघून हाय व्हान घाट ओलांडून ह्वेला जायचं. दा नांगहून अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९४५ पर्यंत इथं न्गुयेन राजांची राजधानी होती आणि गाव पॅगोडांनी भरलेलं आहे. बुद्धजन्माच्या आठवड्यात परफ्यूम नदीत मोठी कमळं तरंगत ठेवतात. जेवणाच्या बाबतीत या सहलीतला सर्वांत सुखाचा मुक्काम हाच, म्हणून इथं दोन रात्री. कच्च्या फणसाची आणि हिरव्या अंजिराची कोशिंबीर ही इथली खासियत आहे, ती तीळ आणि शेंगदाणे घालून तांदळाच्या कुरकुरीत पापडाबरोबर खातात. छोट्या वाटीत वाफवलेली तांदळाची पानं, केळीच्या पानात गुंडाळलेली तांदळाची पातळ पातोळीसारखी बान नाम, सगळ्यांचे चाय प्रकार मिळतात. हेच पदार्थ चाय खाणावळीबाहेर घेतले तर त्यात वाळलेली कोळंबी असते.

शनिवारी विमानानं हनोई, आणि रविवारचा एक दिवस हातात. इथं प्रत्येक जण हा लाँगच्या बोटीवर रात्रभर राहायचं म्हणतो. मी या कुटुंबाला नाही म्हणेन. बोटीवर जेवण म्हणजे समुद्री मेजवानी, स्वयंपाकघर एक आणि छोटं. आधी कळवलं तर ते बटाटे आणि कोबी देतात, पण एकदा बोट सुटली की दुसरा पर्यायच नसतो, आणि दोन जेवणं व एक न्याहारी तिथंच होते. त्यापेक्षा सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची बोट घ्यावी आणि दुपारचा डबा सोबत न्यावा. किंवा निन्ह बिन्ह पाहावं. तिथं भातशेतीतून, चुनखडीच्या डोंगरांखालून वल्ह्याच्या नावेनं फिरायचं. फक्त गाडीवाल्याला सांगून ठेवावं, की जेवणाच्या रांगेतल्या हॉटेलांजवळ थांबू नकोस. बोकडाचं मांस ही तिथली प्रसिद्धी आहे आणि दुकानासमोर अख्खे भाजलेले बोकड मांडलेले असतात.

म्हणजे सोबतचं खाणं आठही दिवसांचं लागत नाही. ते लागतं जिथं दुसरं दार नाही अशा जेवणांना. या कार्यक्रमात अशी तीनच आहेत. पोचल्याच्या दिवसाची पहिली भूक, हनोईच्या बाहेरचा तो एक दिवस, आणि परतीचा विमानतळ. सहा जणांच्या तीन जेवणांचा हिशोब बांधावा. पहिल्या जेवणाला दशम्या किंवा मेथीचे ठेपले. मेच्या दमट उन्हाळ्यात त्यांच्यावर दोन दिवसांपलीकडे भरवसा ठेवू नये. उरलेल्या दोन्हींसाठी गरम पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, खिचडीची पाकिटं. हॉटेलच्या खोलीत किटली असते. विजेचा छोटा कुकर नेऊ नये, बहुतेक हॉटेलांत खोलीत शिजवायला मनाई असते आणि धुराची घंटा वाजली की साऱ्या मजल्याची झोपमोड होते. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मात्र न्यावंच. तिथल्या चिकट भातावर दोन्ही उत्तम लागतात.

पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी संकष्टी येते. आजींचा उपवास असेल तर काळजी नको. रस्त्यावर भाजलेली रताळी मिळतात. शहाळी, केळी, आंबे, ड्रॅगनफ्रूट आणि शेंगदाणे सगळीकडे असतात. दही मात्र बहुधा गोड असतं.

विमानाचं तिकीट काढतानाच एक खाच लक्षात घ्यावी. खास जेवणाच्या यादीत Hindu meal असं जे असतं, त्याचा कोड HNML, ते शाकाहारी नसतं. गोमांस नाही एवढाच त्याचा अर्थ, चिकन किंवा मासे त्यात येतात. आपल्याला हवं ते AVML, भारतीय पद्धतीचं शाकाहारी. VLML मध्ये अंडं असू शकतं. हे प्रत्येक प्रवाशाच्या नावावर वेगवेगळं नोंदवावं लागतं आणि जाताना नोंदवलं म्हणजे येताना नोंदलं गेलं असं नसतं. स्वस्त विमान कंपन्यांकडे जेवण तिकिटाबरोबर विकतच घ्यायचं असतं, विमानात गेल्यावर उरेल ते मिळतं.

याच पद्धतीनं इतर देशही तपासता येतात. थायलंडमध्ये चिनी चांद्र कालगणनेच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस कडक शाकाहाराचा उत्सव असतो, पिवळ्या झेंड्यांवर लाल अक्षरात खूण करून गाड्याच्या गाड्या लागतात, आणि बहुतेक वर्षी ते दिवस आपल्या शारदीय नवरात्राशी जुळतात. त्यात कांदा-लसूणही नसतो. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक रश्शाच्या मुळाशी वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तरी कोयासान डोंगरावरच्या मठांत मुक्काम केला तर शुद्ध मठाचं जेवण मिळतं, अर्थात बऱ्याच चढ्या दरानं. आणि एक काळ टाळायचा. चांद्र नववर्षाचा म्हणजे तेतचा पहिला आठवडा, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत कधीतरी येणारा. तेव्हा व्हिएतनाम देखणा दिसतो, पण कुटुंबंच गावी गेलेली असल्यानं छोट्या खाणावळींच्या फळ्या बंद असतात. २०२७ मध्ये तेत ६ फेब्रुवारीला आहे, तेव्हा त्या वर्षी जानेवारीअखेरची स्वस्त तिकिटं दिसली तर परतीची तारीख आधी पाहावी.